लंबक किती वर गेला?

१६ जानेवारी १९४३ची रात्र. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला ‘स्केनेक्टडी’ हे नवंकोरं तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेलं होतं. पाणी शांत होतं. अचानक मोठा आवाज झाला आणि जहाजाचा डेक आडवा फाटला. तडा दोन्ही कडांनी खाली उतरला, तळाचा पत्रा तेवढा टिकला. डेकवर तेव्हा असलेला ताण त्या पोलादाच्या ताकदीच्या निम्म्याहूनही कमी होता. हवा मात्र शून्याखाली गेली होती.

असल्या पोलादाची पट्टी सावकाश ओढली तर ती लांबते, मध्ये बारीक होते आणि मग तुटते. लांबायचं तर लोखंडाच्या स्फटिकांतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकावे लागतात. थंडीत हे सरकणं अवघड होत जातं. थर विलग करायला लागणारा जोर मात्र फारसा बदलत नाही. त्यामुळे एका टप्प्याखाली, विशेषतः खाचेच्या टोकाशी, पोलाद वाकण्याआधीच चिरतं. वेल्डिंगने अखंड जोडलेल्या जहाजात अशी चीर एका पत्र्यातून दुसऱ्यात बिनअडथळा धावते.

हे पकडण्यासाठी चार्पी चाचणी वापरतात. ५५ मिलिमीटर लांब, १० बाय १० जाडीचा तुकडा घ्यायचा आणि त्याला मधोमध २ मिलिमीटर खोल, इंग्रजी व्हीसारखी खाच पाडायची. तो हव्या त्या तापमानाच्या द्रवात पुरता गार करायचा, बाहेर काढला की पाच सेकंदांच्या आत खाचेच्या पाठीमागून लंबकाचा हातोडा बसला पाहिजे. उशीर झाला की तुकडा कोमट होतो आणि आकडा खोटा चढतो.

समजा, हातोडा ३०० जूल ऊर्जा घेऊन आला आणि पलीकडे निम्म्याच उंचीवर चढला. म्हणजे १५० जूल तुकड्याने खाल्ली. नव्वद टक्के उंची गाठली, तर फक्त ३०. असे तुकडे वेगवेगळ्या तापमानांना तोडले की आकडा कुठे कोसळतो ते दिसतं. तुटलेल्या तोंडाकडेही बघा, कारण मला ते आकड्याइतकंच बोलकं वाटतं: चिवट तुटलेलं तोंड मळकट, तंतुमय असतं; ठिसूळ तुटलेलं दाणेदार चमकतं.

पण त्या जूलमध्ये तुकडा वाकणं, चीर सुरू होणं, ती पुढे सरकणं, सगळं एकत्र मोजलं जातं. म्हणून त्यावरून अमुक लांबीची चीर अमुक ताणाला धावेल, असं गणित थेट मांडता येत नाही.

मग या आकड्याला अर्थ आला कुठून? फुटलेल्या जहाजांचे पत्रे नंतर तपासले गेले. ज्या पत्र्यांत चीर सुरू झाली, त्यांचे आकडे अपघाताच्या तापमानाला फार कमी निघाले. जिथे ती थांबली, ते पत्रे सहसा जास्त चिवट होते. त्यातून सुमारे २० जूलची सीमा ठरली. ती त्या काळच्या जहाजी पोलादाची सीमा होती. ५० मिलिमीटरच्या जाड पत्र्यात मधल्या धातूला आजूबाजूचा धातू अधिक जखडून ठेवतो, म्हणून १० मिलिमीटरच्या तुकड्यात चिवट दिसलेलं पोलाद तिथे त्याच तापमानाला ठिसूळ तुटू शकतं.