बरणी, पट्टी आणि गोळा : भिंतीच्या मातीची पारख

श्रोते हो, नमस्कार.

कच्च्या विटांचं घर बांधायचं असो, की फळ्यांच्या साच्यात माती भरून धुम्मसने ठोकत भिंत उभी करायची असो, पहिला प्रश्न एकच असतो. आपल्या रानातली माती चालेल का? त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक काचेची बरणी लागते, आपला अंगठा लागतो आणि खांद्याच्या उंचीवरून सोडलेला मातीचा गोळा लागतो. परीक्षा तीन आहेत आणि तिन्हींचे प्रश्न वेगळे आहेत. बरणी सांगते मातीत काय किती आहे. अंगठ्याने दाबून ओढलेली मातीची पट्टी सांगते ती किती चिकट आहे. गोळा सांगतो पाणी बरोबर आहे का. यातला गोळा नीट लक्षात ठेवा, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

आधी माती कुठून घ्यायची ते बघू. वरची वीतभर-दीड वीत माती बाजूला काढायची. तिच्यात मुळं असतात, पालापाचोळा असतो, शेणखत असतं. ते भिंतीत गेलं की कुजतं आणि जागा पोकळ होते. खालच्या मातीचे नमुने तीन-चार ठिकाणांहून घ्या. ओली करून वास घ्या. कुजकट वास आला तर अजून खाली जा. आणि काळी कापसाची माती असेल, उन्हाळ्यात जिच्या भेगांत हात जातो ती, तर बरणीसुद्धा काढू नका. पावसाळ्यात फुगणं आणि उन्हाळ्यात आकसणं हा तिचा स्वभाव आहे आणि तो भिंतीत गेल्यावर बदलत नाही. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीचं तसं नाही. ती खूप कमी आकसते.

मराठवाड्यात लगेच कुणी म्हणेल, मग गावठाणातली पांढरी आणू. पांढरीची घरं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत, हे खरंच आहे. पण जुन्या वस्तीची माती राखेची, चुन्याची आणि खाराची असते. तिच्या भिंतीला पुढे लोणा धरतो. आता विषय निघालाच आहे तर बोलतो. तेर म्हणा, नेवासं म्हणा, या पांढरीच्या टेकाडांच्या पोटात दोन-दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती आहे. फावडं घालून ट्रॉल्या भरून ती माती नेणं म्हणजे गावाचं दप्तर जाळणं, असं माझं स्पष्ट मत आहे. असो.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. गावाचं नाव नको, माणसांचीही नकोत. सोलापूरकडचं म्हणा, बीडकडचं म्हणा. विहीर खणताना तांबूस-पिवळ्या मातीचा मोठा ढीग निघालाय आणि घरच्या मुलाला त्यातून दोन खोल्या ठोकून बांधायच्या आहेत. मुलगा शिकलेला. त्याने सरळ बाजूंची बरणी घेतली. माती चाळून निम्मी भरली, वर पाणी ओतलं, झाकण लावून दोन मिनिटं हलवली आणि खिडकीत ठेवली. एका मिनिटात तळाला जे बसलं तिथे त्याने पेनाने खूण केली, ती वाळू. दोन तासांनी दुसरी खूण, ती पोयटा. दुसऱ्या दिवशी पाणी निवळल्यावर तिसरी, ती चिकणमाती. मग मोजपट्टी लावली. एकूण थर 15 सेंटिमीटर. वाळू 10, पोयटा 3, चिकणमाती 2. म्हणजे वाळू 67 टक्के, पोयटा 20, चिकणमाती 13.

आता हे आकडे कशाशी ताडायचे? ठोकायच्या भिंतीला चिकणमाती साधारण 10 ते 20 टक्के लागते. कच्च्या विटेला थोडी जास्त, 15 ते 30 टक्के. दोन्हींत निम्म्याहून जास्त वाटा वाळूचा आणि बारीक खड्याचा हवा. परत सांगतो. ठोकायला 10 ते 20, विटेला 15 ते 30. मुलाची माती तर ठोकायला अगदी जमली. तो फळ्या आणायला निघाला.

तेवढ्यात घरी आलेल्या म्हाताऱ्या गवंड्याने विचारलं, “पट्टी ओढलीस का रे?”

मुलगा म्हणाला, “काका, बरणीत सगळं दिसलं की.”

गवंड्याने मूठभर माती घेतली, पाणी शिंपडत मळली. हाताला चिकटणार नाही पण वळली जाईल, इतपत ओली. मग मूठ धरून अंगठ्याने ती तर्जनीवरून पुढे पुढे दाबत नेली. मातीची चपटी पट्टी बोटाबाहेर लोंबायला लागली. आपल्या वजनाने ती कुठे तुटते ते बघायचं असतं. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर माती रेताड. अडीच ते पाच सेंटिमीटरला तुटली तर मध्यम, कामाची. पाचच्या पुढे गेली तर चिकण जास्त. ही पट्टी सातच्या पुढे गेली. एकदा नाही, तीनदा ओढली, तिन्ही वेळा सातच्या पुढे.

म्हणजे बरणी म्हणते चिकणमाती 13 टक्के आणि बोट म्हणतं भरपूर. खरं कुणाचं?

गवंड्याने बरणीतलं पाणी ओतून दिलं, तळातली ती ‘वाळू’ चिमटीत घेतली आणि चोळली. वाळू बोटांत कचकचते. ही कचकचली नाही, लोण्यासारखी पसरली. मुलाने कोरडी माती टाकली होती आणि दोनच मिनिटं हलवली होती. चिकणमातीचे बारीक खडे फुटलेच नाहीत. ते जड, म्हणून मिनिटभरात तळाला गेले आणि वाळू म्हणून मोजले गेले. बरणीला वाळूचा कण आणि न फुटलेला चिकणमातीचा खडा यांतला फरक कळत नाही. आधी तळाला जातं ते ती तळाला दाखवते, एवढंच.

परीक्षा पुन्हा केली, पण या वेळी नीट. माती आधी कुटून घेतली. बरणीत पाण्याबरोबर चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला, त्याने चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात. रात्रभर भिजत ठेवली. सकाळी काठीने ढवळून, गुठळ्या मोडून पाच मिनिटं हलवली. सोडा टाकला की पाणी निवळायला दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा घाई नको. या वेळी थर भरला 16 सेंटिमीटर. वाळू 5, पोयटा 4, चिकणमाती 7. म्हणजे वाळू 31 टक्के, पोयटा 25 आणि चिकणमाती 44. तीच माती, तीच बरणी!

इथे एक खाचही ध्यानात घ्या. पाण्यात बसलेली चिकणमाती फुगलेली असते, म्हणून तिचा थर बरणीत नेहमी खऱ्यापेक्षा जाड दिसतो. हे 44 प्रत्यक्षात त्याहून कमीच असणार. म्हणूनच बरणीच्या आकड्यावर एकट्यावर भिंत उभी करायची नाही. बरणी आणि पट्टी जुळल्या तर पुढे जा. जुळल्या नाहीत तर तळाची माती चोळून बघा.

मग उपाय काय? वाळू मिसळणं. नाल्यातली जाड वाळू आणली आणि घमेल्याने मोजून तीन मिश्रणं केली. दोन घमेली मातीला एक घमेलं वाळू, दोनाला दोन आणि दोनाला तीन. हिशेब सोपा आहे. वाळूत चिकणमाती नाही असं धरलं, तर पहिल्या मिश्रणात चिकणमाती 29 टक्के, दुसऱ्यात 22 आणि तिसऱ्यात 18 च्या आसपास. प्रत्येकाची पट्टी ओढली. पहिल्याची पाचपर्यंत गेली, दुसऱ्याची चारला तुटली, तिसऱ्याची अडीचच्या जरा पुढे.

प्रत्येकी तीन विटा पाडल्या आणि सावलीत वाळवल्या. उन्हात वाळवली तर चांगल्या मातीची वीटही तडकते आणि परीक्षा वाया जाते. तीन दिवसांनी विटा कडेवर उभ्या केल्या, मग तीन आठवडे हात लावला नाही. पहिल्या मिश्रणाच्या विटांना आरपार भेगा पडल्या. दुसऱ्याच्या सलग राहिल्या. तिसऱ्याच्याही सलग, पण कडा नखाने खरवडल्या की माती सुटत होती. वाळलेली वीट कमरेइतक्या उंचीवरून कोपऱ्यावर सोडली, तर दुसऱ्या मिश्रणाचा फक्त कोपरा उडाला आणि तिसऱ्याची वीट दोन तुकडे झाली. विटेसाठी समसमान मिश्रण ठरलं. मुलाला मात्र ठोकायचंच होतं, त्याने दोनाला तीनचं धरलं. धुम्मसचा मार बसला की कमी चिकणमातीही घट्ट बसते, त्यामुळे विटेला रेताड ठरलेलं मिश्रण इथे चालतं. तरी हातभर लांबीचा एक तुकडा आधी ठोकून, वाळवून बघितला.

बरेच जण या टप्प्यावर म्हणतात, वाळूची कटकट कशाला, सिमेंट टाका. जास्त चिकण मातीत सिमेंट नीट मिसळतच नाही, गुठळ्या राहतात. तिथे चुना बरा. सिमेंट रेताड मातीला.

आता गोळा. वीट सोडली ती वेगळी आणि हा गोळा वेगळा. वीट ताकद सांगते, गोळा पाणी सांगतो. माती चांगली की वाईट, हे गोळ्याला विचारायचं नाही, ते आपण आधीच ठरवलंय. ठोकायच्या ओलसर मातीची मूठ घट्ट दाबायची, लिंबापेक्षा जरा मोठा गोळा होईल. तो दीड मीटरवरून, म्हणजे खांद्याच्या उंचीवरून, फरशीवर सोडायचा. चार-पाच तुकडे झाले तर पाणी बरोबर. चपटा होऊन एकसंध राहिला तर पाणी जास्त. त्यावर धुम्मस मारली की माती बाजूला फुगते, फळीला चिकटते आणि पुढे आकसून उभी भेग पडते. भुगा झाला, किंवा मुठीत गोळाच वळला नाही, तर पाणी कमी. मग थर एकमेकांना धरत नाहीत आणि साचा काढला की थरांच्या रेषेत माती झडते.

कच्च्या विटेच्या चिखलाला ही परीक्षा लावू नका. तो साच्यात ओतायचा असतो, त्याचा गोळा फुटणारच नाही.

आणि गोळा एकदा सोडून भागत नाही. सकाळी बरोबर असलेली माती दुपारपर्यंत वाळते. साच्यात 12 ते 15 सेंटिमीटरचा सैल थर टाकतो, तो ठोकून आठ-दहावर येतो, धुम्मसचा आवाज बद्दच्या ऐवजी टणक येईपर्यंत. असे दोन-तीन थर झाले की पुन्हा एक गोळा सोडा. ढीग ओल्या गोणपाटाने झाका, आणि पाणी शिंपडलंच तर फावड्याने दोनदा उलथून, अर्धा तास मुरू देऊन मगच पुढचा थर भरा.

नमस्कार.