अळूवडी: लाटण्यापासून तव्यापर्यंत

०:०० [परसातलं अळू, आईचा हात देठ खुडतोय]
हे काळ्या देठाचं अळू. वडीसाठी आई हेच खुडते, पांढऱ्या देठाचं फदफद्याला ठेवते. आज ८ पानं, म्हणजे २ उंडे.

०:१५ [पालथं पान, लाटणं]
पान पालथं ठेवायचं, मधली जाड शीर सुरीने तासायची आणि वरून लाटणं फिरवायचं. ऐका.
[३ सेकंद निवेदन नाही, शिरा मोडल्याचा आवाज]
ही करकर थांबली की पान वळायला तयार. शीर ताठ राहिली, तर पान वळताना तिथेच फाटतं.

०:४० [परात]
बेसन २ वाट्या. तांदळाची पिठी पाव वाटी. तिखट २ चमचे, हळद अर्धा चमचा, धने-जिरेपूड १ चमचा, तीळ १ चमचा, चवीपुरतं मीठ.
[चिंचेचा कोळ ओतताना]
आणि ही चिंच: लिंबाएवढा गोळा, अर्धी वाटी कोमट पाण्यात भिजवून काढलेला कोळ. त्यात ३ मोठे चमचे गूळ. चिंचेला हात आखडू नका. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात, घशाला खाज सुटते ती त्यांनीच. चिंचेचा आंबटपणा आणि पुरेशी वाफ मिळाली की खाज राहत नाही. हल्ली चवीचा प्रश्न म्हणून चिंच कमी करतात, आणि मग दोष अळूला देतात.
आता लागेल तसं पाणी, थोडं थोडं.

१:२० [पानावर पीठ थापताना]
पीठ लावलेलं पान असं उभं धरा. पीठ ओघळलं नाही, म्हणजे जमलं.
[थापणं सुरू, ५ सेकंद विराम]
सगळ्यात मोठं पान खाली. दुसऱ्याचं टोक उलट दिशेला. तिसरं, चौथं तसंच, प्रत्येकावर पातळ थर. दोन्ही कडा आत दुमडून त्यांवरही पीठ, मग घट्ट वळत जायचं. सैल वळलं तर मध्ये पोकळी राहते.

१:५५ [चाळणीत उंडे, झाकण]
पाण्याला उकळी आल्यावर उंडे आत. २० मिनिटं.
[झाकणाच्या कडेने वाफ, ६ सेकंद निवेदन नाही]
सुरी खुपसून पाहा. कोरडी निघाली तर शिजलं, पीठ चिकटलं तर आणखी ५ मिनिटं.

२:१५ [ताटात उंडे, खिडकीतलं ऊन]
इथे मात्र थांबायचं. निदान १ तास. गरम उंडा कापला की थर सुटतात, वडी चुरते. आई त्यावर फडकं टाकते आणि दुसऱ्या कामाला लागते.
[८ सेकंद विराम]

२:३५ [सुरी, वर्तुळाकार काप]
अर्ध्या बोटाच्या जाडीचे काप. हिरव्या-पिवळ्या कड्या पाहा.

२:४५ [तव्यावर तेल]
तेल २ मोठे चमचे, आच मध्यम. एक बाजू ३ ते ४ मिनिटं, मग उलटायची. वरून ओलं खोबरं.
[तव्याचा आवाज शेवटपर्यंत]