दार उघडलं की मोटर कुठे तोडायची?

(वाळूज येथे मेंटेनन्स आणि पॅनलचं काम करणाऱ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, समोर बसलेले बहुतेक जण पॅनलमध्ये हात घालणारे आहेत, म्हणून थेट पॅनलच उघडतो. आपल्याकडे वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यात जुनं मशीन ड्राइव्हवर घेतलं की एक मांडणी हटकून दिसते. ड्राइव्ह नवा बसतो, पण ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मध्ये जुना कॉन्टॅक्टर तसाच राहतो आणि गार्डच्या दाराचा स्विच त्याच्या कॉइलमध्ये जोडलेला असतो. दार उघडलं की कॉन्टॅक्टर पडतो. मोटरची वायर डोळ्यांदेखत तुटते, म्हणून त्यावर विश्वास बसतो. ड्राइव्हवर एसटीओची, म्हणजे सेफ टॉर्क ऑफची, टर्मिनल असतात. त्यांत कारखान्यातून आलेला जंपर तसाच असतो.

माझं म्हणणं असं की दारासाठी मोटर ड्राइव्हच्या आतच थांबवायची, एसटीओने. कॉन्टॅक्टर ठेवायचाच असेल तर त्याने नंतर पडायचं, करंट गेल्यावर.

एक मशीन घेऊ. शीट ओढणारे दोन रोल आहेत, मोटर साडेसात किलोवॅटची, फुल लोडला साधारण 15 अँपिअर. शीट अडकली की ऑपरेटर दार उघडतो, हाताने ओढून काढतो. नवी शीट लावताना रोल अगदी हळू फिरतात, ड्राइव्ह 2 हर्ट्झवर असतो. आणि दार बहुतेक वेळा उघडतं ते नेमकं तेव्हाच.

कॉन्टॅक्टरचे संपर्क सुटले की मध्ये आर्क पेटतो. मेनवर चालणाऱ्या 50 हर्ट्झच्या मोटरला हे सोपं जातं, कारण प्रत्येक फेजमधला करंट दर 10 मिलिसेकंदांनी शून्यातून जातो आणि आर्क तिथेच विझतो. 2 हर्ट्झवर तेच शून्य एका फेजमध्ये 250 मिलिसेकंदांनी येतं. कॉन्टॅक्टरच्या दृष्टीने हा जवळजवळ डीसी करंट झाला, आणि एसीसाठी बनवलेला कॉन्टॅक्टर डीसी तोडायला चांगला नसतो. वर मोटरच्या वाइंडिंगचं इंडक्टन्स करंटला धरून ठेवतं आणि व्होल्टेज उडवतं. संपर्क काळे पडतात, खड्डे पडतात आणि एक दिवस चिकटतात. चिकटले की दार उघडं असतं, कॉइलची सप्लाय गेलेली असते आणि रोल फिरत असतात.

हे आधी कळतं का? कळतं. ड्राइव्हची फॉल्ट हिस्टरी बघा. आउटपुट फेज लॉस किंवा ओव्हरकरंटच्या नोंदी दार उघडण्याच्या वेळेशी जुळत असतील तर कॉन्टॅक्टर लोडवर तुटतोय. उलटी बाजूही आहे. दार बंद झालं आणि कॉन्टॅक्टर पुन्हा उचलला, तेव्हा ड्राइव्ह अजून रनमध्ये 50 हर्ट्झ देत असेल, तर थांबलेल्या मोटरवर ते सगळं एकदम पडतं. मोटर डायरेक्ट ऑन लाइन चालू केल्यासारखा करंट खेचते आणि ड्राइव्ह ट्रिप होतो, किंवा त्याचे आयजीबीटी जातात.

आता एसटीओ. मोटर फिरायला ड्राइव्हच्या वरच्या आणि खालच्या आयजीबीटींनी ठरलेल्या क्रमाने उघडझाप करावी लागते. एसटीओ त्यांच्या गेटचे सिग्नलच तोडतो, दोन स्वतंत्र वाटांनी. एखादा आयजीबीटी शॉर्ट झाला तरी फार तर डीसी जाईल, फिरणारं क्षेत्र तयार होणार नाही. यात आर्क नाही, झिजणारा संपर्क नाही, आणि ड्राइव्हलाही कळतं की काय झालं. डिस्प्लेवर `STO` दिसतं.

पण एसटीओ टॉर्क काढतो, गती नाही. इथे बरेच जण फसतात. मोटर मोकळी होते आणि रोल जडत्वाने फिरत राहतात. कॉन्टॅक्टर तोडला तरी अगदी तेच होतं. आपल्या रोलना पूर्ण वेगावरून मोकळं थांबायला 3 सेकंद लागतात असं धरा. हात 1600 मिलिमीटर प्रति सेकंदाने पुढे जातो असं आयएसओ 13855 मानून चालतं. म्हणजे 4.8 मीटर! एवढ्या लांब दार कोण बसवणार? मग दाराला लॉक लावावं लागतं, रोल थांबेपर्यंत न उघडणारं. नाहीतर एसएस1 वापरायचा: ड्राइव्ह आधी रॅम्पने मोटर आवरतो, मग एसटीओ लागतो. रॅम्प आणि बाकीची प्रतिक्रिया मिळून अर्धा सेकंद झाली तर अंतर 800 मिलिमीटर येतं. दाराची जागा तेवढी मिळू शकते.

एक गोष्ट इथे तपासाच. रॅम्प फार कडक केला आणि ब्रेकिंग रेझिस्टर नसेल, तर डीसी बसचं व्होल्टेज चढून ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो आणि मोटर पुन्हा मोकळी. वेळ मोजणारा एसएस1 हे बघत नाही. ठरलेली वेळ संपली की तो एसटीओ लावतो, रोल फिरत असले तरी. म्हणून थांबण्याची वेळ मशीनवर प्रत्यक्ष मोजायची, सगळ्यात जास्त वेगावर आणि सगळ्यात जड मालावर.

लटकणारा भार असेल तर नुसता एसटीओ नको. लातूरकडच्या डाळमिलचं भरलेलं बकेट एलिव्हेटर टॉर्क गेला की उलट फिरायला लागतं. तिथे यांत्रिक ब्रेक किंवा उलट न फिरू देणारा होल्डबॅक हवाच.

आणि एसटीओ म्हणजे आयसोलेशन नव्हे. मेन सप्लाय चालू असते, 415 व्होल्टवर डीसी बस जवळपास 585 व्होल्टला भरलेली असते, मोटरच्या टर्मिनललाही व्होल्टेज सापडू शकतं. मोटरची वायर सोडायची असेल तर आयसोलेटर बंद करून कुलूप, प्लेटवर लिहिलेली मिनिटं थांबा, मग मीटर लावून खात्री. दार उघडून शीट काढणं वेगळं आणि टर्मिनल उघडणं वेगळं.

जोडणी करताना जंपर काढून दोन्ही चॅनल सेफ्टी रिलेच्या वेगवेगळ्या आउटपुटवर घ्या. दोन्ही वायर एकाच केबलमध्ये दबून 24 व्होल्टला चिकटल्या तर दार उघडूनही एसटीओ लागणार नाही. आउटपुटवर टेस्ट पल्स सोडणारा रिले ही चूक पकडतो. तपासणी साधी आहे: एका वेळी एकच चॅनल काढायचा, स्टार्ट द्यायचा, मोटर हलता कामा नये. मग तो लावून दुसरा काढायचा. दोन्ही एकदम काढून बघितलं तर एक चॅनल मेलेला असला तरी कळत नाही.

इथे मागून एका मित्राने विचारलं की आमच्या जुन्या ड्राइव्हवर एसटीओच नाही, मग काय?

मग कॉन्टॅक्टरच वापरायचे, पण दोन, सिरीजमध्ये, आणि मिरर कॉन्टॅक्ट असलेले, म्हणजे मुख्य संपर्क चिकटला तर सोबतचा एनसी बंद होणारच नाही. दोन्ही एनसी सेफ्टी रिलेच्या रीसेटच्या वाटेत सिरीजमध्ये घ्या. एक जरी चिकटला तरी रीसेट होणार नाही. रिलेचा तत्काळ आउटपुट ड्राइव्हचा एनेबल काढेल, उशिराचा आउटपुट कॉन्टॅक्टर पाडेल, म्हणजे ते करंटशिवाय उघडतील. हा उशीर थांबण्याच्या वेळेत धरायला विसरू नका. रीसेट झाल्यावर मशीन आपोआप चालू होता कामा नये. स्टार्टचं बटण वेगळं दाबावं लागलं पाहिजे.