वरून खाली, खालून वर : खतावणीच्या एका पानाची बेरीज

(दृश्य : बेळगावची रविवार पेठ. पोती उतरवणारे हमाल. घाऊक किराणा पेढीची आतली खोली, मेजावर लाल कापडी बांधणीची खतावणी.)

रविवार पेठेत गाड्या खाली होत असतात, तेव्हा पेढीच्या आतल्या खोलीत खतावणी उघडलेली असते. बिलं संगणकावरच निघतात. उधारीची खाती मात्र दिवाणजी अजून हातानं लिहितात. हाताखाली नवीन आलेल्या मुलाला ते आधी एका पानाची बेरीज करायला लावतात. तीही दोनदा : एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

आजचं पान खानापूरच्या एका किरकोळ दुकानदाराचं आहे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. नावे बाजूला उधार दिलेल्या मालाच्या आठ रकमा आहेत.

(पडद्यावर रकाना)

४,२७८
१,३६५
९४७
२,५८६
३,८०९
६७४
५,१५८
१,७२३

पहिली अट : पेन बाजूला, हातात पेन्सिल. दुसरी अट : ‘आठ आणि पाच तेरा, तेरा आणि सात वीस’ असं म्हणायचं नाही. नुसती झालेली बेरीज म्हणायची. जितके शब्द जास्त, तितकं लक्ष रकमेवरून उडतं.

मुलगा एकम घरापासून सुरू करतो. आठ, तेरा, वीस, सव्वीस, पस्तीस, एकोणचाळीस, शेहेचाळीस, एकोणपन्नास. नऊ लिहिले, हातचे चार. पुढची घरं घेत तो खाली आकडा मांडतो : २०,५३९.

“आता खालून वर कर,” दिवाणजी म्हणतात. “आणि आधीचं उत्तर झाक.”

तो कागदाचा कपटा बेरजेवर ठेवतो. हे झाकणं महत्त्वाचं आहे. उत्तर डोळ्यासमोर असलं की शेवटच्या दोन-तीन रकमांत मन नकळत त्या आकड्याकडे ओढलं जातं, आणि चुकलेली बेरीजही जुळल्यासारखी वाटते. हातचेही आधीचे वापरायचे नाहीत. वर जाताना आलेले हातचे वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचे.

तीन, अकरा, पंधरा, चोवीस, तीस, सदतीस, बेचाळीस, पन्नास. शून्य लिहिलं, हातचे पाच. सगळी घरं झाल्यावर चिठ्ठीवर आकडा येतो : २०,५४०.

एका रुपयाचा फरक आहे. मुलाचा हात लगेच पुन्हा वरच्या रकमेकडे जातो.

“गडबड कशाला करूलास? तिसऱ्यांदा वरूनच गेलास तर तिथंच पडशील की.”

या पद्धतीचं मर्म इथे आहे. वरून येताना मुलगा एकोणचाळीसला पोचला आणि त्यात आठ मिळवताना शेहेचाळीस म्हणाला. पुन्हा वरूनच गेला, तर पुन्हा एकोणचाळीसलाच पोचेल, पुन्हा आठच समोर येईल आणि जिभेवर पुन्हा शेहेचाळीसच येण्याची शक्यता मोठी. डोक्यात काही जोड्या अशा चुकीच्या बसलेल्या असतात. दमलेलं डोकं त्या जोड्या न तपासता वापरतं. खालून वर जाताना तोच आठ तीनला मिळाला आणि अकरा झाले. एकोणचाळीस आणि आठ ही जोडी वाटेत आलीच नाही. रकमा त्याच, बेरीजही तीच, पण मधले सगळे टप्पे वेगळे. म्हणून दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं तर विश्वास ठेवता येतो. एकाच वाटेनं दोनदा जाऊन आलेल्या उत्तराला तेवढं वजन नाही.

फरक आला की दिवाणजी पूर्ण बेरीज पुन्हा करू देत नाहीत. आधी चूक कोणत्या घरात आहे ते शोधायचं. हातचे न धरता प्रत्येक घराची बेरीज सुटी लिहायची. या पानावर एकम पन्नास, दहम एकोणचाळीस, शतक एक्केचाळीस आणि हजार सोळा. मुलाच्या पहिल्या फेरीत फक्त एकम एकोणपन्नास होते, बाकी तिन्ही घरं जुळतात. मग तेवढंच घर मध्ये तोडायचं : वरच्या चार आकड्यांचे सव्वीस, खालच्या चारांचे चोवीस. दोन्ही मिळून पन्नास. चूक खालच्या चारांत होती हेही कळतं, कारण सव्वीसपर्यंत मुलगा बरोबर होता.

फरक नेमका दहा, शंभर किंवा हजार आला, तर पहिला संशय हातच्यावर घ्यायचा. फरकाएवढी रक्कम पानावरच दिसली, तर ती एका फेरीत सुटली किंवा दोनदा धरली गेली.

(दृश्य : बिलं, तोलाच्या चिठ्ठ्या, त्यांवरचे वेगवेगळ्या वळणांचे आकडे.)

बेरीज दोन्ही वाटांनी जुळली, तरी पान बरोबर आहे असं दिवाणजी म्हणत नाहीत. १,३६५ च्या जागी कुणी १,३५६ लिहिलं, तर वरूनही २०,५३१ येईल आणि खालूनही. बेरीज लिहिलेल्या आकड्यांची होते, बिलातल्या नाही. अशी चूक तेरीज काढताना, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाक्या ताडून बघताना, फरक म्हणून वर येते. त्या फरकाला नऊनं भाग गेला, तर शेजारचे दोन आकडे उलटे पडलेत का ते आधी पाहायचं. सहा दहम घरातून एकम घरात गेला की चोपन्न कमी होतात, पाच एकम घरातून दहम घरात गेला की पंचेचाळीस वाढतात. उरतात नऊ. कुठलेही शेजारचे आकडे अदलाबदल केले, तरी फरक नऊच्या पटीतच येतो.

सीमाभागात याला आणखी एक फाटा आहे. पेढीवर चिठ्ठ्या मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही आकड्यांत येतात. घाईत लिहिलेला मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो. शतकाच्या घरात अशी गल्लत झाली, तर फरक ८०० चा, आणि नऊचा नियम तिथे लागू पडत नाही. मराठी पाच इंग्रजी चारसारखा वाचला, तर फरक एक, दहा किंवा शंभर येतो. तो हातच्याच्या चुकीसारखाच दिसतो आणि माणूस बेरजेतच चूक शोधत बसतो. कन्नड एकाचं खालचं तोंड बुजलं की तो शून्य वाटतो. ही गल्लत रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत लिहितानाच झाली असेल, तर खतावणीतही तोच चुकीचा आकडा येतो आणि तेरीजसुद्धा जुळते. तिथे मूळ चिठ्ठी काढून बघण्यावाचून इलाज नाही. म्हणूनच दिवाणजी चिठ्ठीवरचा आकडा वाचताना मुलाला शेजारी अक्षरात लिहिलेली रक्कमही वाचायला लावतात.

(दृश्य : पेन्सिलीची बेरीज शाईनं पक्की होते.)

दोन्ही आकडे २०,५४० झाल्यावर मुलगा पेन उचलतो. बेरीज शाईनं लिहितो, शेजारी ‘पुढील पानावर’. पान उलटून पहिल्या ओळीत ‘मागील पानावरून’ आणि तीच रक्कम. ही नक्कल करतानाही आकडे उलटे पडतात. नव्या पानाची बेरीज कितीही वेळा वरखाली केली, तरी ती चूक त्या पानावर सापडत नाही. म्हणून पान अर्धं उचलून धरायचं, दोन्ही रकमा एकाच वेळी दिसतील असं. मुलगा जुन्या पानावरचे आकडे सुटे म्हणतो, “दोन, शून्य, पाच, चार, शून्य,” आणि दिवाणजी नव्या पानावर प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीचा ठिपका देत जातात.