शेअर तारण कर्ज: एक लाखाच्या तुटीसाठी दोन लाखांची विक्री का होते?

नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या पट्ट्यात सोने तारण ठेवून कर्ज कसे घ्यावे, हे कोणाला शिकवावे लागत नाही. सोसायटीत दागिने वजन करून घेतात, पावती देतात आणि कर्ज थकले तर आधी नोटीस व नंतर लिलाव होतो, हा क्रम घरोघरी ठाऊक आहे. डिमॅट खात्यातील शेअरवर कर्ज घेताना अनेक जण हाच क्रम मनात धरून सही करतात आणि तिथेच चूक होते. कारण या कर्जात व्याज अगदी वेळेवर भरत असतानाही, केवळ बाजारभाव उतरला म्हणून तुमचे शेअर विकले जाऊ शकतात.

हे नीट समजण्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू या. उद्यमबागेत एकाचे छोटे मशीन शॉप आहे, असे समजा. पुण्याच्या ग्राहकाकडून बिल यायला दोन महिने आहेत, पण कामगारांचा पगार आणि कास्टिंगचे पैसे आत्ताच द्यायचे आहेत. डिमॅट खात्यात १० लाख रुपयांचे शेअर आहेत आणि ते विकायचे नाहीत. म्हणून ते एका बिगर बँकिंग वित्त कंपनीकडे जातात. मोबाईलवर आलेला ओटीपी टाकला की शेअर त्या कंपनीच्या नावे प्लेज, म्हणजे गहाण, होतात. शेअर खात्यातून कुठे जात नाहीत, लाभांशही मालकालाच मिळत राहतो. मात्र कर्ज फिटेपर्यंत ते विकता येत नाहीत.

आता कर्ज किती मिळेल? १०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक मालमत्ता असलेल्या बिगर बँकिंग कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१४ मध्ये बंधन घातले, की शेअरवरील कर्ज तारणाच्या किमतीच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. हे प्रमाण फक्त कर्ज देताना पाहायचे नसून कर्ज फिटेपर्यंत राखायचे असते. बँकांचे नियम वेगळे आहेत, त्यांत आज शिरत नाही. आपल्या कारखानदाराने १० लाखांच्या शेअरवर पूर्ण ५ लाख उचलले. ही उचल नियमात बसते, पण पहिल्याच दिवसापासून त्यांच्याकडे एका रुपयाचीही सैल जागा उरलेली नाही.

बाजार २० टक्के उतरला, असे धरू. शेअरची किंमत ८ लाख झाली. ८ लाखांवर चालू शकणारे कर्ज ४ लाख आणि प्रत्यक्षात कर्ज आहे ५ लाख. म्हणजे १ लाखाची तूट पडली. ही तूट भरा, असा जो निरोप येतो त्यालाच मार्जिन कॉल म्हणतात. कारखानदाराने १ लाख रोख भरले, तर विषय तिथेच मिटतो. रोख नसेल तर आणखी शेअर गहाण ठेवता येतात. पण त्यांचीही निम्मीच किंमत धरली जात असल्यामुळे १ लाखाच्या तुटीसाठी २ लाखांचे नवे शेअर लागतात.

यांपैकी काहीच जमले नाही, तर कंपनी गहाण शेअर विकते. इथे बहुतेकांचा अंदाज असतो, की १ लाखाची तूट आहे तेव्हा १ लाखाचे शेअर जातील. तसे होत नाही. १ लाखाचे शेअर विकले की कर्ज ४ लाखांवर येते खरे, पण तारणही ७ लाखांवर येते आणि ७ लाखांचे निम्मे साडेतीन लाखच होतात. तूट अजून ५० हजारांची राहतेच. विकलेल्या प्रत्येक रुपयामागे तूट फक्त आठ आण्यांनी भरते, म्हणून पूर्ण २ लाखांचे शेअर विकावे लागतात. त्यानंतर कर्ज ३ लाख आणि शेअर ६ लाखांचे, असा मेळ बसतो. म्हणजे एकूण शेअरचा चौथा हिस्सा पडत्या भावात गेला.

पुढे बाजार पूर्वीच्या पातळीवर परत आला, तरी हे नुकसान भरून येत नाही. ६ लाखांचे साडेसात लाख होतात, त्यातून ३ लाखांचे कर्ज वजा केले की साडेचार लाख उरतात. सुरुवातीला हाच हिशेब ५ लाखांचा होता. भाव जागेवर आले आणि माणसाचे ५० हजार मात्र गेले; व्याज आणि दलाली यांत धरलेली नाही. शिवाय विक्री कंपनीने केली असली तरी आयकराच्या दृष्टीने ती मालकाचीच विक्री ठरते, त्यामुळे जुन्या, स्वस्तात घेतलेल्या शेअरवर भांडवली नफ्याचा कर त्यालाच भरावा लागतो.

त्याच कारखानदाराने ५ ऐवजी ३ लाखच उचलले असते, तर शेअरची किंमत ६ लाखांपर्यंत उतरेपर्यंत, म्हणजे ४० टक्के घसरणीपर्यंत, मार्जिन कॉल आला नसता. हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. २०२० साली जानेवारीतील उच्चांकापासून २३ मार्चपर्यंत सेन्सेक्स सुमारे ३८ टक्के कोसळला होता. माझ्या मते तारणाच्या ३० टक्क्यांवर उचल नेऊच नये. आणि सगळे तारण एकाच कंपनीच्या शेअरमध्ये असेल तर तेवढीही नको, कारण एखादा शेअर निर्देशांकापेक्षा कितीतरी जास्त पडू शकतो. कर्ज देणाऱ्याकडे मान्य शेअरची एक यादी असते, ती वेळोवेळी बदलते. तुमचा २ लाखांचा शेअर त्या यादीतून वगळला गेला, तर त्याचा भाव एक पैसाही न हलता तुमची मर्यादा १ लाखाने घटते.

तूट भरण्यासाठी वेळ किती मिळतो? भाव उतरल्यामुळे पडलेली तूट सात कामकाजी दिवसांत भरून काढावी, असे २०१४ च्या त्या नियमात म्हटले आहे. मात्र ही बाहेरची मर्यादा आहे. करारात त्याहून कमी मुदत असू शकते आणि किंमत ठरावीक पातळीखाली गेली तर तत्काळ विक्रीचे कलमही असू शकते. सही करण्यापूर्वी हे कलम इंग्रजी येणाऱ्या घरातल्या माणसाकडून वाचून घ्या. माझ्या थोरल्या काकांच्या बाबतीत मेसेज आणि ई-मेल दोन्ही आले होते. परंतु ते गणपतीसाठी जांबोटीजवळच्या गावी गेलेले, तिथे मोबाईलला रेंज नव्हती आणि ई-मेलचा पत्ता नोंदवला होता तो पुण्यातील मुलाचा जुना, कोणी न उघडणारा. मंगळवारी बेळगावात परतल्यावर काकांनी तीन मेसेज एकाखाली एक वाचले: तूट पडल्याचा, स्मरणपत्राचा आणि विक्री झाल्याचा. आमच्या घरातील ती संध्याकाळ मला अजून आठवते.

विक्रीचा निरोप येण्याआधी कायदा काय देतो, तेही सांगतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७६ नुसार गहाण वस्तू विकण्यापूर्वी मालकाला वाजवी सूचना द्यावी लागते आणि कलम १७७ नुसार प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत मालकाला पैसे भरून ती सोडवून घेता येते. डिमॅट शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले, की कर्ज देणाऱ्याने प्लेज वापरून शेअर स्वतःच्या नावावर घेतले, तरी तेवढ्याने विक्री झाली असे होत नाही. म्हणून होल्डिंगमधून शेअर नाहीसे झालेले दिसले, तर आधी फोन करून ते बाजारात विकले गेले आहेत की फक्त नावावर घेतले आहेत, हे विचारा. विकले नसतील तर कर्जाची पूर्ण बाकी आणि झालेला खर्च किती, हे लेखी मागा, रक्कम त्याच दिवशी भरा आणि व्यवहार क्रमांकासह शेअर सोडवत असल्याचा ई-मेल पाठवा. हातातले इतर शेअर विकून पैसे उभे करणार असाल, तर ते दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी जमा होतात, हा एक दिवस हिशेबात धरा.