रिकाम्या डीपीचा खर्च

रात्री शेतातल्या डीपीजवळ कधी थांबलात का? सगळे पंप बंद, तरी तो गुणगुणत असतो. गाभ्यातलं चुंबकत्व सेकंदाला १०० वेळा शिखर गाठतं, दर वेळी पत्र्यांची लांबी किंचित बदलते, त्याचा हा आवाज. व्होल्टेज आहे तोवर गाभ्यातला आयर्न लॉस चालूच राहतो. कॉपर लॉस मात्र प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. हे सगळं तुम्हाला पाठ आहे, म्हणून तोंडी परीक्षेत मी ते विचारत नाही.

मी असं विचारतो. १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे. आयर्न लॉस २६० वॅट, पूर्ण भाराला कॉपर लॉस १७६० वॅट, पॉवर फॅक्टर एक. लाइन २४ तास चालू. एका दिवशी ८ तास पूर्ण भार, बाकी वेळ काहीच नाही. दुसऱ्या दिवशी १६ तास अर्धा भार. दोन्ही दिवशी ८०० युनिटच वीज गेली. नुकसान कधी जास्त?

बरेच जण सांगतात, "सारखंच." आता मांडून बघा. आयर्न लॉस दोन्ही दिवशी ६.२४ युनिट. कॉपर लॉस पहिल्या दिवशी १४.०८. दुसऱ्या दिवशी प्रवाह निम्मा म्हणून लॉस पाव, वेळ दुप्पट, म्हणजे ७.०४. एकूण नुकसान २०.३ आणि १३.३ युनिट.

खरी गंमत पुढच्या प्रश्नात आहे. दोन्ही लॉस समान होतात तिथे कार्यक्षमता सर्वाधिक, म्हणजे इथे सुमारे ३८ टक्के भाराला. मग तेच ८०० युनिट २४ तासांत, ३३ टक्के भारावर पुरवले तर ३८ टक्क्यांपेक्षा वाईट ना? हुशार मुलंही इथे मान डोलावतात. पण ३८ टक्के भारावर काम २१ तासांच्या आतच आटोपतं, आणि उरलेल्या वेळात डीपी रिकामा गुणगुणतो. त्या दिवसाचं नुकसान सुमारे ११.७ युनिट होतं. ३३ टक्क्यांवर मात्र १०.९. आयर्न लॉस २४ तासांचा भरून झालेलाच आहे, त्यामुळे भार जितका पसरेल तितकं बरं.

मग ३८ टक्क्यांचा आकडा खोटा का? नाही. काम संपताच डीपी लाइनवरून तोडला, तर नुकसान १०.८ युनिटवर येतं आणि तोच पर्याय निसटता का होईना जिंकतो. तो आकडा एका क्षणाचा आहे, दिवसाचा नव्हे. म्हणून शेतीच्या फीडरवर मी आधी एवढंच विचारतो: पंप बंद असतात तेव्हा लाइनही बंद असते की नुसतेच पंप?