शंभराचा मंद, साठचा लख्ख

नमस्कार श्रोतेहो. तारेचे जुने बल्ब घ्या, एक शंभराचा, एक साठचा. वेगवेगळे लावले तर शंभराचा जास्त उजेड देतो. पण दोघं सिरीजमध्ये, म्हणजे एकाच तारेवर एकामागे एक जोडले, की साठचा जास्त पेटतो. पुन्हा सांगतो, सिरीजमध्ये कमी वॅटचा बल्ब जास्त पेटतो.

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात हे सगळ्यांनी पाहिलं. रात्री शेतातले पंप बंद झाले की लाइनचं व्होल्टेज चढायचं आणि नानांच्या खळ्यातले बल्ब उडायचे. म्हणून नानांनी दोन बल्ब सिरीजमध्ये घेतले. गोठ्यात साठचा, कापसाच्या ढिगाजवळ शंभराचा. बटण दाबलं, तर गोठा उजळला आणि शंभराची तार नुसती विडीच्या टोकासारखी लाल!

"हाऊ बल्ब खोटा शे!" म्हणत नाना दुकानात गेले. तिथे तोच बल्ब एकटा लावला, तर लख्ख पेटला. मग नाना म्हणाले, गोठ्यातला बल्ब लाइनवर आधी लागतो, तोच करंट खाऊन टाकतो.

वायरमनदादांनी वाद घातला नाही. मेन स्विच बंद करून दोन्ही बल्बांच्या जागा बदलल्या. शंभराचा आता आधी आला, तरी उजेड साठच्याच बल्बचा. नंतर साठचा काढला, तर दोन्हीकडे अंधार. जाता जाता दादांनी कापसाजवळच्या उघड्या सांध्याला टेप गुंडाळली. कापसाजवळ सांधा उघडा ठेवणाऱ्याच्या हाती पक्कड देऊच नये, असं माझं ठाम मत आहे. शेवटी मीटर लावलं. साठच्या बल्बवर 160 व्होल्टच्या वर, शंभराच्या बल्बवर 70 च्याही खाली. नानांनी मग दोन्हीकडे शंभराचेच लावले. सारखे बल्ब, सारखी वाटणी.

आता हिशोब. 230 चा वर्ग करून वॅटने भागा, की बल्बचा रोध मिळतो. साठच्या बल्बचा सुमारे 882 ओहम, शंभराच्या बल्बचा 529. सिरीजमध्ये करंट दोघांतून एकच वाहतो, म्हणून ज्याचा रोध जास्त त्याच्यावर व्होल्ट जास्त. 230 ची पाचास तीन अशी वाटणी होते. साठच्या बल्बवर 144, शंभराच्या बल्बवर 86. पहिला जेमतेम 23 वॅट घेतो, दुसरा 14.

मग मीटरवर फरक एवढा मोठा का दिसला? तार थंड असली की तिचा रोध कमी असतो. कागदावरचे 529 ओहम तार पूर्ण तापल्यावरचे आहेत. इथे शंभराची तार जास्त थंड राहते, तिचा रोध जास्त उतरतो, आणि तिच्या वाट्याचे व्होल्ट आणखी घटतात.

साठच्या जागी 15 वॅटचा झिरो बल्ब लावला तर हिशोबानेच त्याच्यावर 200 व्होल्ट येतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त. तेव्हा शंभराचा बंदच वाटतो, पण तो उडालेला नसतो. एलईडीला मात्र हा हिशोब लावू नका. त्याच्या आतलं सर्किट ठराविक रोधासारखं वागत नाही, तो लुकलुकत राहतो.